मदत हवी आहे: आयव्हरी कोस्टहून काजू बीचा पहिलाच कंटेनर, पुरवठादाराला पैसे कसे द्यावेत?

चंदगडी
नमस्कार मंडळी. चंदगड तालुक्यात आमचं छोटं काजू युनिट आहे, बारा बायका कामाला आहेत. गावची बी संपली की आम्ही व्यापाऱ्याकडून आफ्रिकेची बी घेतो. यंदा पहिल्यांदाच स्वतः मागवणार आहे. आयात-निर्यातीचा आयईसी कोड काढून झाला. आबिदजानचा पुरवठादार, २० फुटी एक कंटेनर, १६ टन, टनाला १,२५० डॉलर, म्हणजे एकूण २०,००० डॉलर. करारात आउटटर्न, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून निघणारा चांगला गर, ४७ पौंड लिहिलाय.

त्याला ३० टक्के आगाऊ हवेत आणि बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीच्या माल चढल्याच्या पावतीची, प्रत मेलवर आली की उरलेले ७० टक्के. बँकेचे साहेब म्हणतात एलसी उघडा, म्हणजे पुरवठादाराला पैशांची हमी बँक देईल, पण आमची लिमिट नाही म्हणून पूर्ण रकमेची एफडी मार्जिन ठेवावी लागेल. सासरे म्हणतात, माल दारात आल्याशिवाय रुपया सोडू नकोस. यात खरा धोका कशात आहे? रात्री झोप लागत नाही.

दर्यावर्दी
ताई, डोळे झाकून एलसी करा. मध्ये बँक असते. माल नीट आल्याशिवाय पैसे सुटतच नाहीत.

वखारवाला
दर्यावर्दी, पहिलं वाक्य ठीक, शेवटचं चूक, आणि त्याच समजुतीपायी लोक फसतात. एलसीत बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, यूसीपी ६०० मध्ये, हे स्पष्ट आहे. कागद अटींप्रमाणे असले तर बँकेला पैसे द्यावेच लागतात, मग पोत्यात कुजकी बी का असेना. ते थांबवायला कोर्टात जावं लागतं आणि तिथे उघड फसवणूक दाखवता आली तरच काही होतं.

चंदगडी ताई, मी वेंगुर्ल्यात बरीच वर्षं बाहेरची बी उतरवतोय. आधी पुरवठादाराच्या अटीकडे बघा. बिल ऑफ लेडिंगच्या प्रतीवरून कंटेनर जहाजावर चढला एवढंच कळतं. आत काय आहे ते शिपिंग कंपनीला माहीत नसतं, ती पुरवठादाराने सांगितलेलंच लिहिते. बरं, तुम्ही ७० टक्के अडवले तर मूळ कागद त्याच्याकडेच आहेत. तो कंटेनर दुसऱ्याला विकेल आणि तुमचे ६,००० डॉलर गेले. म्हणजे जोर लावायची ताकद दोन्ही वेळा त्याच्याच हातात.

हापूसवाला
मी आंब्याचा पल्प आखातात पाठवतो. एकदा पैसे बुडाले, तेव्हापासून ईसीजीसी या सरकारी कंपनीची विमा पॉलिसी घेतो. ताई, तुम्हीही घ्या, ८०-९० टक्के परत मिळतात.

वखारवाला
हापूसवाला, ती पॉलिसी निर्यातदाराला, विदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर. ताई इथे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या आगाऊ रकमेला ते संरक्षण नाही.

चंदगडी
दादा, मग बी खराब निघाली तर नेमकं किती नुकसान होतं? आम्ही इथे नेहमी एक किलो बी कापून गर तोलतो, त्यावरून आउटटर्न काढतो.

वखारवाला
मग तुम्हाला सगळं येतंच. एका किलोत २६६ ग्रॅम चांगला गर मिळाला की ८० किलोच्या पोत्याला ४७ पौंड. २४४ ग्रॅमच मिळाला तर ४३. आता हिशेब करा. १६ टन म्हणजे २०० पोती. पोत्यामागे ४ पौंड कमी म्हणजे ८०० पौंड, साधारण ३६३ किलो गर कमी. करारात भाव आउटटर्नच्या प्रमाणात कमी होईल अशी अट असेल तर २०,००० भागिले ४७, म्हणजे पौंडाला सुमारे ४२५ डॉलर. चार पौंडांचे १,७०० डॉलर.

यावरून किती रक्कम हातात ठेवायची ते कळतं. पुष्कळ जण उतरल्यावरच्या तपासणीसाठी दोन टक्के राखतात. तुमच्या कंटेनरला ते ४०० डॉलर, म्हणजे एका पौंडाचीही भरपाई नाही. दहा टक्के, २,००० डॉलर राखलेत तर चार पौंडांचा फरक भागतो. तेवढ्यापुरतं तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. सगळा माल उधारीवर पहिल्याच व्यवहारात कोणी देत नाही. दिला तर मी आधी विचारेन की भाव किती चढवलाय.

उरलेल्या ९० टक्क्यांसाठी साइट एलसी, म्हणजे बरोबर कागद दाखवले की लगेच पैसे. त्यात कागदांच्या यादीत तपासणीचा दाखला घाला. संस्थेचं नाव तुम्ही लिहा, ‘पुरवठादाराचा दाखला’ नको. दाखल्यात भरतानाचा आउटटर्न किमान ४६, ओलावा १० टक्क्यांच्या आत, आणि कंटेनरचा सील क्रमांक असला पाहिजे. सील बिल ऑफ लेडिंगवरच्या सीलशी जुळलं पाहिजे, नाहीतर नमुना एका कंटेनरचा आणि माल दुसऱ्याचा. मी हे एकदा भोगलंय. दाखला ४८ चा होता आणि दार उघडलं तर वरच्या दोन रांगा बऱ्या, मागची पोती काळी पडलेली. सील जुळत नव्हतं, पण एलसीत ते मागितलंच नव्हतं, म्हणून बँकेने पैसे दिले. बँकेची चूक नव्हती.

कोंडुऱ्याचा
एवढा खर्च कशाला? डीपीवर कागद मागवा. पुरवठादार त्याच्या बँकेतून पाठवतो, इथे पैसे भरले की कागद मिळतात. एफडी अडकत नाही. आम्ही तसंच करतो.

वखारवाला
जुन्या पुरवठादाराशी चालतं, मीही करतो. पण पैसे भरूनच कागद हातात येतात, म्हणजे माल न बघताच दिले. एलसीपेक्षा फरक इतकाच की कोणत्या दाखल्यावर पैसे द्यायचे ते बँक पारखत नाही, तुम्हालाच पारखावं लागतं. तरी आगाऊ ३० टक्क्यांपेक्षा बरं. ताईंच्या मार्जिनचा प्रश्न खरा आहे. पूर्ण एफडी अडकली तर हंगामात बायकांची मजुरी कुठून देणार, ते मी सांगू शकत नाही.

चंदगडी
अजून एक. आज प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पुन्हा नीट वाचली. कंपनी आबिदजानची, पण खातं दुबईच्या दुसऱ्याच नावावर आहे. पहिल्या इन्व्हॉइसमध्ये खातं आबिदजानचं होतं. मेलचा पत्ता तोच दिसतोय.

वखारवाला
थांबा, एक पैसाही पाठवू नका. ‘तोच दिसतोय’ पुरेसं नाही, पत्त्यातलं एकेक अक्षर जुन्या मेलशी ताडून बघा. मग मेलवर उत्तर न देता, करार झाला तेव्हाच्या नंबरवर फोन करा आणि खातं का बदललं ते त्यांच्याच तोंडून ऐका. खरंच दुबईच्या कंपनीला द्यायचे असतील तर इन्व्हॉइसवर तसा उल्लेख हवा आणि तिघांचा करार बँक मागू शकते. आगाऊ पाठवून माल आलाच नाही तर कस्टमची बिल ऑफ एंट्री नाही, आणि आयातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएसमध्ये ती नोंद तुमच्या आयईसीवर उघडीच राहते. पैसे गेलेच, वर दर महिन्याला बँकेचं पत्र.

चंदगडी
फोन केला. पलीकडच्याने फ्रेंचमध्ये काही सांगितलं, मला एवढंच कळलं की दुबईचं नाव ऐकून तो गोंधळला. उद्या गोव्यातल्या फ्रेंच जाणणाऱ्या मैत्रिणीला बसवून पुन्हा करते.

दहा टक्के राखून ९० टक्क्यांची एलसी असं विचारून बघते. तो नाही म्हणाला तर? दहा टक्क्यांवर अडून बसू की डीपीवर येऊ?

कोंडुऱ्याचा
डीपीवर या.

वखारवाला
आधी त्या खात्याचा निकाल लागू दे, मग बोलू. आणि साहेबांना विचारा, एफडीऐवजी युनिटचा तयार गर तारण चालतो का. काही बँका घेतात.