मदत हवी आहे : कॉलेज सुरू होण्याआधी प्रवेश रद्द, डिपॉझिट परत कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी. मुलीने पुण्यातल्या एका खासगी संस्थेत २५,००० रुपये भरून सीट धरली होती. आता तिला इथेच, नाशिकला हवी ती शाखा मिळाली. तिकडे वर्ग सुरू व्हायचेत, ती रुजू झालेली नाही. माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलंय : वर्ग सुरू होण्याआधी लेखी अर्ज आल्यास १,००० रुपये कापून बाकी रक्कम परत. आम्ही मुदतीत ईमेल केला, पण क्लार्क म्हणतात, मूळ पावतीसह अर्ज हातात पडेल तीच तारीख धरणार. तोवर वर्ग सुरू झाले तर? मूळ दाखलेही तिकडेच अडकलेत, त्याचीच जास्त काळजी आहे. ईमेलची तारीख ग्राह्य धरायला लावता येते का? अर्ज स्पीड पोस्टाने पाठवू, की स्वतः जाऊन आवक शिक्क्याची पोच घेऊ? कुणाला अनुभव असल्यास कृपया सांगा.