अनुभव धागा : फ्रान्समधील बाजार, स्टेशन आणि औषधांचे दुकान यांसाठी एका कागदावर काय लिहून न्यावे?

सह्यकडा (धागाकर्ती)
आई आणि चार वर्षांचा मुलगा यांच्यासह मी लियॉनला जात आहे. आम्हां तिघांनाही फ्रेंच येत नाही. बाजार, रेल्वे स्टेशन आणि औषधांचे दुकान या तीन ठिकाणी उपयोगी पडतील अशी वाक्ये देवनागरीत लिहून एकच कागद जवळ ठेवावा, असा विचार आहे. आपल्याला प्रत्यक्षात कोणती वाक्ये कामी आली आणि कोणती निरुपयोगी ठरली, हे कृपया सविस्तर लिहावे.

नदीकाठ
मी बरीच वर्षे लियॉनमध्ये राहते. माझा आग्रह असा की, कागदाच्या डाव्या बाजूला आपण बोलायचे वाक्य लिहावे आणि उजव्या बाजूला त्यावर येणारे उत्तर लिहावे, कारण प्रश्न पाठ करता येतो, पण अडचण समोरचा बोलू लागल्यावर सुरू होते.

क्र्वा-रूसचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. तिथे आधी ‘बोंझूर मादाम’ किंवा ‘बोंझूर मस्य’ म्हणावे आणि मगच मागणी करावी. अर्ध्या किलोला तिथे ‘लीव्र’ म्हणतात, म्हणून ‘यून लीव्र द तोमात, सिल व्हू प्ले’ एवढे म्हटले की अर्धा किलो टोमॅटो मिळतात. बहुतेक ठिकाणी फळे विक्रेताच निवडतो. खरबूज किंवा अवाकाडो घेताना तो ‘पूर कां?’ म्हणजे कधीसाठी असे विचारेल. आज संध्याकाळी खायचे असेल तर ‘पूर स स्वार’, उद्यासाठी हवे असेल तर ‘पूर दमँ’ असे सांगावे. तो त्याप्रमाणे पिकलेले फळ काढून देतो. प्रत्येक वस्तूनंतर ‘ए आव्हेक ससी?’ असा प्रश्न येतो. आणखी काय देऊ, एवढाच त्याचा अर्थ असतो. खरेदी संपली असेल तर ‘से तू, मेर्सी’ म्हणावे.

किंमत ऐकणे मात्र खरोखर कठीण असते, कारण संख्या आणि ‘युरो’ हे शब्द एकमेकांना चिकटून येतात. दोन युरो ‘दझोरो’ असे ऐकू येतात आणि बारा युरो ‘दूझोरो’. तीन युरो ‘त्र्वाझोरो’ आणि तेरा युरो ‘त्रेझोरो’. समजा टोमॅटोचे 3 युरो 95 सेंट झाले, तर विक्रेता ‘त्र्वाझोरो कात्र-व्हँ-कँझ’ म्हणेल. त्यात तीन, चार, वीस आणि पंधरा हे सगळे शब्द कानावर पडतात, पण चार वेळा वीस म्हणजे 80 आणि त्यात 15 मिळवून 95 होतात. शंका वाटली तर ‘व्हू पुव्हे लेक्रीर?’ म्हणजे लिहून देता का, असे विचारावे. बहुतेक जण वजनकाट्यावरचा आकडा आपल्याकडे वळवून दाखवतात.

आल्प्सवासी
मी जिनिव्हात असतो. आमच्याकडे सत्तरला ‘सेप्तांत’ आणि नव्वदला ‘नोनांत’ म्हणतात, त्यामुळे हा हिशेब बराच सोपा होतो. धागाकर्तीने हेच शब्द शिकावेत.

नदीकाठ
हे शब्द फ्रान्समध्येही समजतील, पण लियॉनचा भाजीवाला ते स्वतः उच्चारणार नाही. इथे ऐकण्यासाठी ‘कात्र-व्हँ’ शिकावेच लागेल.

जुना प्रवासी
स्टेशनवर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फलाटाआधी असलेल्या पिवळ्या यंत्रात तिकिटावर शिक्का मारून घेणे. तसे न केल्यास दंड होतो. म्हणून ‘इल फो कोंपोस्ते?’ म्हणजे शिक्का मारावा लागतो का, हे वाक्य कागदावर सर्वांत वर हवे.

रूळजोड
वरील सल्ला जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटासाठी योग्य आहे. फोनवरच्या किंवा घरी छापलेल्या, चौकोनी कोड असलेल्या तिकिटावर शिक्का मारायचा नसतो. स्थानिक गाड्यांसाठी यंत्रातून घेतलेल्या कागदी तिकिटांचे नियम प्रदेशानुसार निराळे असतात, म्हणून तो प्रश्न कागदावर ठेवण्यास माझी हरकत नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती अक्षरांची गोष्ट. लियॉनच्या पार-द्य स्टेशनात फलाटांना अक्षरे आहेत आणि आपण ‘से केल व्ह्वा पूर आन्सी?’ म्हणजे आन्सी शहराची गाडी कोणत्या फलाटावर, असे विचारले की उत्तर एका अक्षरात मिळते. फ्रेंचमध्ये G चा उच्चार ‘झे’ आणि J चा ‘झी’ असा होतो. इंग्रजीला सरावलेला आपला कान या दोन्ही अक्षरांची अदलाबदल करतो आणि माणूस दुसऱ्याच फलाटावर जाऊन उभा राहतो. तसेच E चा उच्चार ‘अ’ आणि I चा ‘ई’ असतो. म्हणून या चार अक्षरांचा तक्ता उजव्या बाजूला अवश्य लिहावा आणि उत्तर ऐकल्यावर फलकाकडे बोट दाखवून खात्री करून घ्यावी. घोषणेत ‘रतार’ ऐकू आले तर गाडीला उशीर आहे आणि ‘स्युप्रिमे’ ऐकू आले तर ती रद्द झाली आहे.

खलबत्ता
मी पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि सध्या तुलूझमध्ये राहते. फ्रान्समध्ये तापाची साधी गोळीसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही. ती हिरव्या क्रॉसच्या ‘फार्मासी’तच मिळते. 2020 पासून पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन काउंटरच्या मागे ठेवलेले असते, त्यामुळे ते मागावेच लागते. आपल्याकडचे क्रोसिन हे नाव तिथे चालत नाही, ‘पारासेतामोल’ म्हणावे.

समजा चार वर्षांच्या मुलाला ताप आला, तर ‘मों फिस आ द ला फ्येव्र’ असे म्हणावे. लगेच ‘कोंब्यँ?’ म्हणजे किती, असा प्रश्न येईल. आपला थर्मामीटर बहुधा फॅरनहाइटमध्ये असतो आणि तिथे 102 सांगून काहीच बोध होत नाही. 102 म्हणजे सुमारे 39, म्हणून ‘त्रांत-नफ’ म्हणावे. पुढचा प्रश्न ‘दपुई कां?’ म्हणजे कधीपासून. कालपासून असेल तर ‘दपुई इयेर’. त्यानंतर वयापेक्षा वजनाची चौकशी होते, म्हणून ‘इल पेझ सेझ किलो’ म्हणजे सोळा किलो, हे आधीच लिहून ठेवावे. पॅरासिटामॉलच्या सिरपसोबत मिळणाऱ्या पिचकारीवर बहुधा मिलिलिटरऐवजी किलोच्या खुणा असतात. मूल सोळा किलोचे असेल तर 16 च्या खुणेपर्यंत भरले की एक मात्रा होते. ‘तूत ले सी झर’ म्हणजे दर सहा तासांनी आणि ‘कात्र फ्वा पार झूर’ म्हणजे दिवसातून चार वेळा. याहून अधिक देऊ नये. घरून आणलेले तापाचे सिरपही पॅरासिटामॉलचेच असेल, तर दोन्ही एकत्र मुळीच देऊ नयेत.

सह्यकडा
आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिच्यासाठी वेगळे वाक्य लागेल का?

खलबत्ता
अवश्य लागेल. ‘मा मेर आ द ला तांस्यों’ हे तिच्यासाठी काहीही घेताना आधी सांगावे, कारण सर्दीची काही औषधे रक्तदाब वाढवतात. गोळ्यांच्या पट्टीवर औषधाचे मूळ नाव छापलेले असते. तो भाग कापून टाकू नये, कारण दुकानदाराला आपल्याकडच्या कंपनीचे नाव ओळखीचे नसेल. रात्री दुकान बंद असेल तर दारावर ‘फार्मासी द गार्द’ म्हणजे पाळीचे दुकान कुठे उघडे आहे, याची माहिती असते. प्रकृती गंभीर असेल तर थेट 15 किंवा 112 वर फोन करावा.

जुना प्रवासी
शिक्क्याबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. तरीही उत्तर समजणार नसेल तर फ्रेंचमध्ये प्रश्न विचारू नये, असे माझे मत आहे. ‘बोंझूर’ म्हणून पुढे इंग्रजीत बोलावे. फ्रेंचमध्ये सुरुवात केली की समोरचा माणूस भरभर बोलू लागतो.

नदीकाठ
स्टेशनवर हे पटण्यासारखे आहे. बाजारातल्या वयस्क विक्रेत्यांना मात्र अनेकदा इंग्रजी येत नाही आणि तिथे तोडके फ्रेंचच पुढे नेते. कागदाच्या तळाशी ‘प्ल्यू लांतमां, सिल व्हू प्ले’ म्हणजे जरा सावकाश बोला, हे मोठ्या अक्षरात लिहावे.