‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ : सुंभ ठेवावा की दोर करावा?

सोनकी : एका हिंदी कथेचे श्राव्य रूपांतर करताना ‘रस्सी जल गई, पर बल नहीं गया’ या वाक्यासाठी मी ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण योजली. तालमीत कोकणातल्या वाचकाला ती लगेच पटली, परंतु मराठवाड्यातल्या सहकाऱ्यांनी विचारले, ‘शुंभ म्हणजे तो राक्षसच ना?’ ऐकणाऱ्यापुढे अक्षरे नसतात आणि श्रोते सर्व भागांतले आहेत. शब्द बदलावा का?

पारंबी : सहकाऱ्यांचे बरोबर असावे. आमची आजी ‘शुंभासारखा उभा राहू नकोस’ असे म्हणत असे. देवीने शुंभाला मारले तरी त्याचा ताठा गेला नाही, असाच मूळ अर्थ दिसतो.

नारळीबाग : आजींचा ‘शुंभ’ खरा आहे, पण तो शब्द वेगळा. राक्षसाला पीळ कोठून येणार? सुंभ म्हणजे काथ्याची दोरी. नारळाची सोडणे पाण्यात कुजवून, कुटून काथ्या निघतो. वडील ओसरीवर बसून त्याचे पेड तळहातांत वळत. असा तुकडा न हलवता जाळला, तर राखेतही पेड स्पष्ट दिसतात आणि बोट लावताच राख मोडते. म्हण या दृश्यातून आली आहे. सुंभ काढला तर ती पोरकी होईल.

वऱ्हाडी पाटी : आमच्या घरी ‘दोर जळला, पण पीळ नाही गेला’ असेच म्हणतात आणि ती हिंदीची नक्कल आहे, असे कोणी म्हटले तर मला वाईट वाटते. ‘दोरी’ घेतली तर ‘जळली’ करावे लागते आणि ठेका मोडतो. ‘दोर’ने क्रियापद तसेच राहते. न बदलण्याजोगा शब्द ‘पीळ’ आहे, कारण दोराचा वळसा आणि माणसाचा ताठा हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात आहेत.

नारळीबाग : पीळाबाबत मी सहमत आहे. मात्र आज दोर म्हटले की नायलॉनचा डोळ्यांपुढे येतो आणि तो जळताना वितळून त्याचा गोळा होतो. मग पीळ उरला कुठे?

सोनकी : ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. कथेत विहीर आहे. म्हणीच्या आधी ‘रहाटाला काथ्याचा जुना सुंभ बांधला होता’ असे वाक्य घातले, तर श्रोत्याला अर्थ आधीच कळेल आणि म्हणही शाबूत राहील. पुढच्या तालमीत दोन्ही पाठ वाचून पाहते.

वऱ्हाडी पाटी : तरीही ऐकताना ‘सुंभ’ आणि ‘शुंभ’ यांत गोंधळ होईल, असे मला वाटते.

पारंबी : मग ‘बैल गेला आणि झोपा केला’ यातला झोपा म्हणजे झोप नव्हे ना? मी वर्गात ‘झोप’ असाच अर्थ शिकवत आलो आहे.

नारळीबाग : नव्हे. झोपा म्हणजे गोठ्याचे कुडाचे दार. बैल गेल्यावर दार केले, असा अर्थ आहे.

पारंबी : आमच्या गावी अशा दाराला कोणी झोपा म्हणत नाही.