टेस्टरच्या प्रोफाइलवर टेस्ट केसचा आकडा हवा की नको?

मॅन्युअल टेस्टर (मूळ पोस्ट): हल्ली जो तो सांगतो की प्रोफाइलमधून टेस्ट केसची संख्या काढा आणि ऑटोमेशन, डिफेक्ट प्रिव्हेन्शन, रिलीजवरील परिणाम असे शब्द घाला. माझ्या प्रोफाइलवर ‘1,800 टेस्ट केस लिहिल्या, 420 डिफेक्ट नोंदवले’ असे आहे आणि ते खरे आहे. जो डिफेक्ट झालाच नाही, तो रोखल्याचे श्रेय कोणी कसे घ्यायचे? मला हा निव्वळ शब्दांचा फुगा वाटतो.

टेस्ट लीड: एरवी मी अशा पोस्टना उत्तर देत नाही, पण ‘फुगा’ वाचून राहवले नाही. न झालेला डिफेक्ट दाखवता येत नसला, तरी तो कुठे अडवला ते दाखवता येते. आमच्याकडे एका ऑर्डरवर 100 ची सवलत तीन वस्तूंमध्ये समान वाटायची होती. प्रत्येकी 33.33 धरले की बेरीज 99.99 होते, आणि उरलेला 0.01 कोणत्या वस्तूवर टाकायचा याबद्दल स्टोरीत अवाक्षर नव्हते. ग्राहकाने तिन्ही वस्तू एकेक करून परत केल्या असत्या, तर परतावा भरलेल्या रकमेपेक्षा 0.01 ने जास्त गेला असता आणि हिशेबाचा मेळ कधीच बसला नसता. आमच्या टेस्टरने कोडची एक ओळही लिहिली जाण्यापूर्वी स्टोरीवर हा प्रश्न नोंदवला. ‘उरलेली रक्कम शेवटच्या वस्तूवर’ हा नियम ॲक्सेप्टन्स क्रायटेरियात आला आणि त्याची एपीआय टेस्ट प्रत्येक मर्जपूर्वी चालू लागली. तिच्या प्रोफाइलवर हे एवढेच दोन ओळींत आहे, आणि त्यावर मी मुलाखतीत अर्धा तास प्रश्न विचारू शकते. 1,800 वर मी काय विचारणार? एकाच फॉर्मच्या प्रत्येक रकान्याची वेगळी केस केली, तरी तो आकडा फुगतो.

ऑटोमेशन इंजिनिअर: एवढे तपशील कोणी वाचत नाही. मी ‘92 टक्के रिग्रेशन ऑटोमेटेड’ असे लिहितो आणि मला बोलावणी येतात.

डेव्हलपर: त्या टक्क्यांबद्दल मला बोलायचेच आहे. आमच्या प्लेराइटच्या कॉन्फिगमध्ये `retries: 2` होते. साठा अपडेट होण्यापूर्वीच ऑर्डर पक्की झाल्याचा संदेश दिसत असे, त्यामुळे टेस्ट पहिल्यांदा अधूनमधून फेल होई आणि पुन्हा चालवली की पास होई. बिल्ड हिरवे दिसत राहिले आणि तो डिफेक्ट ग्राहकांपर्यंत पोहोचला. असल्या सूटचे टक्के मिरवणे ही फसवणूक आहे.

ऑटोमेशन इंजिनिअर: फसवणूक हा शब्द मागे घ्या. अशा टेस्ट प्लेराइट रिपोर्टमध्ये `flaky` म्हणून वेगळ्या दाखवतो. तो रिपोर्ट तुमच्या टीमने उघडलाच नाही, तर दोष टूलचा की टेस्टरचा? शिवाय टेस्ट एनव्हायर्नमेंट डळमळीत असेल, तर रिट्रायशिवाय पाइपलाइन रोज अडून राहते.

डेव्हलपर: एनव्हायर्नमेंट डळमळीत आहे, हेच उत्तर आम्हालाही महिनोन्‌महिने मिळत होते. कोणी एकदा तरी ट्रेस उघडून पाहायला हवा होता.

टेस्ट लीड: तुम्ही दोघेही आवाज खाली आणा. रिट्राय वापरणे चूक नाही, पण त्यावर पास झालेली प्रत्येक टेस्ट तपासायचीच बाकी आहे असे धरावे लागते. बहुतेक वेळा कारण `Thread.sleep(5000)` सारखे ठोकळ थांबणे किंवा अनेक टेस्टनी एकच अकाउंट वापरणे हे निघते. क्वचित ते उत्पादनातलेच असते, आणि नेमके तेच निसटते. ज्याने हे कारण शोधून दूर केले, त्याने प्रोफाइलवर तेच लिहावे. 92 टक्क्यांतून ते कळत नाही.

नवखी टेस्टर: मी सध्या सिलेनियम शिकत आहे. प्रोफाइलसाठी ते सोडून प्लेराइट घ्यावे का?

टेस्ट लीड: टूल कोणतेही असो, कोणती टेस्ट यूआयवरून आणि कोणती एपीआयवरून का घेतली, हे सांगता आले पाहिजे.

मॅन्युअल टेस्टर: परताव्याचे उदाहरण मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु असे प्रश्न मीही कॉलवर सतत विचारतो; तिथे ना नोंद राहते, ना माझे नाव. आणि रिलीजचा परिणाम तर पूर्ण टीमचा असतो. महिन्याचे रिलीज आठवड्यावर आले, त्यात डेव्हलपर आणि ऑपरेशन्सचाही हात असतो. ते मी माझ्या नावावर लावणार नाही.

टेस्ट लीड: लावूच नका. रिग्रेशनला तीन दिवस लागत होते, ते एकावर आले आणि त्यासाठी कोणत्या टेस्ट तुम्ही यूआयवरून एपीआयवर हलवल्या, एवढाच तुमचा वाटा लिहा. कॉलवरचा प्रश्न त्याच दिवशी स्टोरीवर कॉमेंट म्हणून टाका. नाहीतर मुलाखतीत मलाही तो पडताळता येणार नाही.

मॅन्युअल टेस्टर: कॉमेंटचे ठीक आहे, ते उद्यापासून करतो. 1,800 काढतो, पण 420 डिफेक्टचा आकडा मी ठेवणार आहे, कारण त्यातले कितीतरी गंभीर होते.

डेव्हलपर: मग 420 ऐवजी त्या गंभीर डिफेक्टपैकी दोन लिहा. आणि रिट्रायचा मुद्दा मी सोडलेला नाही.