मायना गाळावा की ठेवावा? पेशवेकालीन पत्रांचं इंग्रजी

मृण्मयी: पेशवेकालीन पत्रांचं इंग्रजी करतेय. वाचणारी मुलं परदेशात वाढलेली आहेत. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' आणि तारखेतली अरबी शब्दांची माळ गाळून थेट मजकुरापासून सुरुवात केली, तर काय बिघडेल?

नील: काहीच बिघडणार नाही. उलट मुलं वाचतील तरी. 'ग्रेसफुली अडॉर्न्ड बाय अनब्रोकन फॉर्च्यून' असलं इंग्रजी पाहिलं की मी पान उलटतो. तारीख इसवी सनात द्या. त्या माळेतल्या सुहूर सनात ५९९ मिळवले की झालं.

दफ्तरी: अनब्रोकन फॉर्च्यून नको, हे मान्य. पण मायना गाळायला माझा ठाम विरोध आहे, कारण कोण कुणाला लिहितो आहे आणि कुठल्या पायरीवरून, ते मजकुरात पुष्कळदा नसतंच, मायन्यातच असतं. खालून वर लिहिणारा 'स्वामीचे सेवेसी' म्हणून सुरुवात करतो आणि 'हे विनंती' म्हणून थांबतो. छत्रपतींना लिहिताना पेशवाही 'सेवक' असतो आणि 'विज्ञापना' करतो. बाळाजी बाजीरावांच्या शिक्क्यातही आधी 'शाहू नरपति हर्षनिधान' आहे, स्वतःचं नाव त्यानंतर. वरून खाली जाणारं पत्र बहुधा 'जाणिजे' वर संपतं. ब्राह्मण कारभारी मराठा सरदाराला 'आशीर्वाद' लिहितो, तर सरदाराकडून 'रामराम' किंवा 'दंडवत' येतो. हे सगळं काढून प्रत्येक पत्र 'डिअर सर' ने सुरू केलं, तर विनंती आणि हुकूम सारखेच दिसू लागतात.

विशेषणांचं भाषांतर करू नका, नात्याचं करा. 'टू माय लॉर्ड, फ्रॉम हिज सर्व्हंट' एवढी एक ओळ पुरते.

आता तारीख. समजा पत्रावर 'छ ११ जमादिलाखर, सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ' असं आहे. तो छ म्हणजे चंद्र, सहाचा आकडा नव्हे. माळ एक, साठ, शंभर, हजार अशी वाचायची, म्हणजे सन ११६१. त्यात नुसते ५९९ मिळवले तर १७६० येतं आणि इथेच घात होतो. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी जमादिलाखर जानेवारीत पडतो, म्हणून हे पत्र जानेवारी १७६१ च्या तिसऱ्या आठवड्यातलं. पानिपतचा दिवस १४ जानेवारी १७६१. ५९९ धरले असते तर पराभवानंतरचं पत्र लढाईच्या वर्षभर आधीचं ठरलं असतं. मजकूर तारखेशी भांडत असेल तर आधी ही बेरीज तपासा. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून नेमका वार ठोकून देऊ नका, 'सुमारे' लिहा.

सुमनताई: आमच्या पणजोबांची मोडी पत्रं आहेत, त्यांवर फक्त शके आहे. त्यातही असाच ५९९ चा हिशोब करायचा का? आणि मोडी वाचून देणारं कुणी आहे का?

दफ्तरी: ताई, शक वेगळा. त्यात ७८ मिळवा, पण पौष-माघ-फाल्गुनातलं पत्र बहुधा ७९ चं निघतं. वाचनासाठी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा.

नील: बेरजेचं पटलं, मागे घेतो. मायन्याचं अर्धंच पटलं. 'आशीर्वाद' म्हटल्यावर मुलांना जातीची उतरंड समजवावी लागणार, नाहीतर ती त्याला प्रेमळ शुभेच्छा समजतील. मग तळटीप आली, आणि तळटीप आली की स्पष्ट इंग्रजी गेलं.

दफ्तरी: एका वाक्याची टीप द्या. उतरंड लपवून पत्र सोपं करणं मला खोटं वाटतं.

मृण्मयी: मायन्याची एक ओळ ठेवते. पण पानिपतनंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेला तो निरोप? 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही.' तिथे विश्वासराव आणि भाऊसाहेब अशी नावं घालू का?

नील: घाला. नावांशिवाय परक्या वाचकाला तो जवाहिऱ्याचा तोटा वाटेल.

दफ्तरी: मजकुरात मुळीच नको. निरोप सावकारी भाषेत होता. ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात मोती आणि मोहरा तशाच ठेवल्या आणि इंग्रजी वाचकाला त्या कळल्या. नावं पत्राच्या आधी, प्रास्ताविकात द्या.

नील: प्रास्ताविक कुणी वाचत नाही. माझं मत बदललेलं नाही.