मदत हवी आहे: पूजेच्या फोटोओळीत धोतर-उपरण्याचं वर्णन कसं लिहावं?

कोथरूडकरीण: आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव स्मरणिकेच्या फोटोओळी माझ्याकडे आल्यात. एका फोटोत शेजारचे काका प्राणप्रतिष्ठेला बसलेत. लाल रेशमी वस्त्र, समोर निऱ्या, मागे काष्टा, खांद्यावर पिवळं जरीकाठी वस्त्र. आधीच्या मजकुरात ‘उघड्या अंगाने लुंगी आणि शाल घालून बसलेले यजमान’ असं आहे. काकांना वाईट वाटू नये आणि चूकही होऊ नये. काय लिहू?

नारायणपेठी: सोपं आहे. रेशमी म्हणजे पीतांबर, खांद्यावरचं उपरणं. ‘पीतांबर घातलेले यजमान’ लिहा.

जुनापुराणा: उपरणं बरोबर. पण पीतांबर म्हणजे मुळात पिवळं रेशमी. बोलताना लाल पीतांबरही म्हणतात, छापताना ‘लाल रेशमी धोतर’ बरं. आणि धोतर ‘नेसतात’, उपरणं ‘घेतात’, ‘घालतात’ ते जानवं. काष्टा दिसतोय म्हटल्यावर लुंगीचा प्रश्नच मिटला. ‘उघड्या अंगाने’ तर काढूनच टाका. पूजेला सदरा नसतोच, जे अंगावर आहे तेवढं सांगा.

कोथरूडकरीण: मग ‘सोवळे नेसलेले’ चालेल?

जुनापुराणा: फोटोवरून ते कळत नाही. धुऊन, कुणाचा स्पर्श होऊ न देता वाळवलेलं सुती धोतरही सोवळ्यात चालतं आणि दुकानातून थेट आणलेलं रेशमी सगळे मानतीलच असं नाही. काकांना विचारा, नाहीतर ‘रेशमी धोतर’वर थांबा. उपरणं कुठल्या खांद्यावर आहे?

कोथरूडकरीण: उजव्या. जानवंही उजव्या खांद्यावरून डावीकडे आलंय.

जुनापुराणा: ते अपसव्य झालं, पितृकार्यातलं. गणपतीपुढे कोण तसं बसेल? फोटो सेल्फी कॅमेऱ्याने उलटा आला असणार. मागचा फलक वाचता येतोय का? आणि पळी कुठल्या हातात आहे?

कोथरूडकरीण: फलक नाही. पळी डाव्या हातात! आणि आमची डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची दिसतेय!!

जुनापुराणा: मग फोटो आडवा पलटून घ्या आणि लिहा: ‘लाल रेशमी धोतर नेसून, डाव्या खांद्यावर पिवळे जरीकाठी उपरणे घेऊन प्राणप्रतिष्ठा करताना यजमान श्री. …’ उलटाच छापला असतात तर पेठांतून फोन आले असते.

मुंजवाली_मावशी: भाच्याच्या मुंजीला शिवलेलं सोवळं हवंय, इलॅस्टिकचं. लक्ष्मी रोडला आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचं मिळेल का?

नारायणपेठी: मिळेल, पण कंबर मोजून न्या. मुलांची मापं वयावर बघू नका. बाकी शिवलेलं असेल तर ‘घातलेलं’च म्हणायचं ना? पायजम्यासारखं चढवतो आपण.

जुनापुराणा: आमच्याकडे त्यालाही नेसणंच म्हणतात.

नारायणपेठी: मला नाही पटत.

कोथरूडकरीण: काकांना फोन केला. धोतर शिवलेलंच आहे म्हणे! आता ‘नेसून’ ठेवू की काढू?