शब्दचर्चा: व्हिसाच्या पानावरील ‘वैधता’, ‘मुक्काम’ आणि ‘अर्थार्जन’

मेघना: माझ्या आत्याबाई मुलीकडे जर्मनीला जाणार आहेत. त्यांना मराठीखेरीज काही वाचता येत नाही, म्हणून व्हिसाच्या पानाच्या छायाचित्रावरून मी त्यांच्यासाठी मराठी मजकूर लिहीत आहे. पानावर १०-०५-२६ पासून ०८-०६-२६ पर्यंत वैध, मुक्कामाचा कालावधी १५ दिवस आणि प्रवेशांची संख्या ०१ अशा नोंदी आहेत. शेऱ्यात जर्मन भाषेत ‘एर्वेर्ब्सटेटिशकाइट निश्ट गेश्टाटेट’ असे लिहिले आहे. पहिल्या दोन नोंदी मला परस्परविरोधी वाटतात, कारण तारखांमध्ये तीस दिवस आहेत आणि मुक्काम पंधराच दिवसांचा आहे. शेऱ्याचे भाषांतर मी ‘नोकरी करण्यास मनाई’ असे केले आहे. छायाचित्रात प्लॅस्टिकच्या चकाकीमुळे शेवटच्या तारखेतला ८ हा ३ सारखाही दिसतो.

रोहन: विरोध काहीच नाही. ‘पर्यंत वैध’ म्हणजे त्या तारखेपर्यंत देशात पाऊल ठेवायचे. ८ जूनला पोहोचले तरी तिथून पुढे पंधरा दिवस राहता येते.

विनायक: रोहन, तुम्ही सांगता तो नियम अमेरिकेच्या व्हिसाला लागू पडतो. तिथे व्हिसावरची अखेरची तारीख प्रवेशासाठी असते आणि किती दिवस राहायचे ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो. आत्याबाईंचा व्हिसा शेंगेन, म्हणजे जर्मनीसह युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा आहे; त्यात मात्र राहणेही त्या तारखांच्या आतच संपावे लागते. आत्याबाई १२ मे रोजी पोहोचल्या, तर तो पहिला दिवस धरून पंधरावा दिवस २६ मे हा येतो आणि त्या दिवशी त्यांनी निघालेच पाहिजे. ८ जूनपर्यंत थांबता येणार नाही. त्या ३० मे रोजी पोहोचल्या, तर मात्र ८ जूनला व्हिसाच संपत असल्याने त्यांना दहाच दिवस मिळतील. जास्तीचे पंधरा दिवस प्रवासाची तारीख पुढेमागे झाली तर उपयोगी पडावेत म्हणून दिलेले असतात.

मेघनाताई, म्हणून ‘वैधता’ हा एकटा शब्द मी ठेवणार नाही. ‘या तारखांच्या दरम्यानच जाणे, राहणे व परतणे’ असे लिहावे आणि दुसऱ्या नोंदीला ‘त्यातील मुक्कामाचे जास्तीत जास्त दिवस, येण्याचा व निघण्याचा दिवस धरून’ असे म्हणावे. वाक्य लांबते हे मला मान्य आहे, पण ‘धरून’ हा शब्द गाळला तर एक दिवस चुकतो. आठ की तीन, ही शंका पानाच्या तळाशी असलेल्या, बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळींवरून फिटेल. दुसऱ्या ओळीत हीच तारीख वर्ष, महिना, दिवस अशा उलट्या क्रमाने, म्हणजे 260608 अशी असायला हवी.

मेघना: तळाच्या ओळीत 260608 स्पष्ट दिसते आहे.

सुलभा: माझ्या मुलाच्या विद्यार्थी व्हिसावर तर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येईल असे लिहिले होते. मग आत्याबाईंना पूर्ण मनाई कशी?

विनायक: तो शिक्षणासाठी दिलेला दीर्घ मुक्कामाचा व्हिसा आहे, सुलभाताई, त्याच्या अटी इथे लागू होत नाहीत. पण तुमच्या उदाहरणामुळे शब्दाचा मुद्दा सोपा होतो. जर्मन कायदा ‘बेशेफ्टिगुंग’ म्हणजे दुसऱ्याच्या हाताखालचे काम वेगळे धरतो, आणि तुमच्या मुलाच्या परवानगीत दिवसांची मोजणी त्याच कामाची आहे. आत्याबाईंच्या शेऱ्यातला शब्द त्याहून व्यापक आहे, कारण त्यात स्वतःचा व्यवसायही येतो. म्हणून ‘नोकरी करण्यास मनाई’ हे भाषांतर अपुरेच नाही, तर धोक्याचेही आहे.

मेघना: हे वाचून मी चपापले. आत्याबाई शिवणकाम करतात आणि मुलीच्या ओळखीच्या दोघीतिघींचे कपडे तिथेच शिवून द्यायचे त्यांनी कबूल केले आहे. माझे भाषांतर वाचून, आपण नोकरी थोडीच करणार आहोत, असेच त्या म्हणाल्या असत्या. ‘अर्थार्जन करण्यास परवानगी नाही’ असे लिहिले तर चालेल का?

विनायक: अर्थाने अचूक आहे. पैसे घेऊन शिवणकाम करणे त्यात येते; मुलीच्या घरात स्वयंपाकाला हात लावणे येत नाही. तरी ज्यांच्यासाठी लिहिता त्यांना ‘अर्थार्जन’ पटकन कळेल असे मला वाटत नाही. ‘कमाईचे कोणतेही काम, नोकरी किंवा स्वतःचा धंदा, करण्यास परवानगी नाही’ असे लिहावे.

रोहन: ‘धंदा’ म्हटले की दुकान डोळ्यांसमोर येते. दोन कपडे शिवणे म्हणजे धंदा, असे त्या मानणार नाहीत. ‘मोबदला घेऊन’ हे शब्द हवेत.

विनायक: ‘मोबदला’ मला पटतो, पण एकट्या मोबदल्यावर बोट ठेवले की पैशांऐवजी भेटवस्तू घेतली तर काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर भाषांतरकाराने मजकुरात घुसडू नये. तो प्रश्न वकिलातीलाच विचारावा.

मेघना: मी ‘मोबदल्याचे कोणतेही काम, नोकरी असो वा स्वतःचे, करण्यास परवानगी नाही’ असे लिहिते आणि कपडे शिवण्याविषयी वकिलातीला वेगळे पत्र पाठवते. उत्तर येईपर्यंत कापड घेऊ नका, असे आत्याबाईंना आजच सांगते.